रंग नवा, चकाकी तीच

ऑनलाइन दुकानात नेलपॉलिशच्या शेड चाळताना बऱ्याचदा एक गोष्ट लक्षात येते. हात तोच, बोटांची ठेवण तीच, अंगठ्याच्या पेरावरची सुरकुतीसुद्धा तीच. बदलतो तो फक्त नखांचा रंग. अशा वेळी फोटो एकच काढलेला असतो आणि बाकीच्या शेड संगणकावर चढवलेल्या असतात. त्यामागे व्यवहार आहे. प्रत्येक शेडसाठी आधीचा रंग पुसायचा, नव्याचे दोन हात द्यायचे, वाळू द्यायचे आणि मग फोटो घ्यायचा, यात दिवस जातो. शिवाय रिमूव्हर सारखा लावला की नखाभोवतीची कातडी कोरडी, पांढरट पडते आणि तेही फोटोत दिसतं.

मात्र यातले काही फोटो पाहताक्षणी खोटे वाटतात. नख रंगवलेलं न दिसता प्लॅस्टिकचं दिसतं, किंवा रंग नखाच्या बुडाशी कातडीवर ओघळल्यासारखा वाटतो, किंवा मोरपंखी नखाच्या कडेला जुन्या लाल रंगाची बारीक रेघ उरलेली असते. पाहणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण डोळा फसत नाही. बिघाड बहुधा दोनच जागी असतो: नखावरच्या चकाकीत आणि क्यूटिकलपाशी, म्हणजे नखाच्या बुडाला चिकटून असलेल्या पातळ कातडीपाशी.

आधी चकाकीचं पाहू. नेलपॉलिश वाळलं की नखावर एक पातळ, पारदर्शक, गुळगुळीत थर बसतो. नेहमीच्या नेलपॉलिशमध्ये हा थर मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचा असतो आणि रंगाचे कण त्याच्या आत अडकलेले असतात. प्रकाश नखावर पडला की त्याच्या दोन वाटा होतात. बहुतेक प्रकाश थराच्या आत शिरतो, रंगाच्या कणांवर आपटून विखुरतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. नख आपल्याला लाल दिसतं ते यामुळे. पण प्रकाशाचा छोटा भाग, समोरून पाहिलं तर साधारण चार टक्के, आत शिरतच नाही. तो थराच्या पृष्ठभागावरूनच आरशासारखा परततो. रंगाच्या कणांशी त्याची गाठच पडत नाही, म्हणून त्याला नेलपॉलिशचा रंग लागत नाही. खिडकीचा प्रकाश पांढरा असेल तर लाल नखावरची चकाकीही पांढरी आणि निळ्या नखावरचीही पांढरीच. लग्नाच्या हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखाली ती पिवळसर असेल, पण नखाच्या रंगाची कधीच नसेल.

संगणकाला हे शिकवणाऱ्यांनी याची नीट मांडणी करून ठेवली आहे. स्टीव्हन शेफर यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असं मांडलं की अशा चकचकीत वस्तूच्या फोटोतला प्रत्येक बिंदू म्हणजे दोन भागांची बेरीज असते: वस्तूच्या अंगचा रंग आणि प्रकाशाचा रंग. आपल्या कामाचं सगळं सार यात आलं. बदलायचा तो अंगचा रंग. प्रकाशाचा वाटा होता तसा, होता तिथे राहायला हवा.

आता एक फोटो घेऊ. डावीकडे खिडकी, टेबलावर टेकवलेला हात, नखांवर गडद लाल नेलपॉलिश आणि बोटांच्या टोकांना मेंदी. दुकानदाराला याच फोटोतून दोन शेड हव्या आहेत, एक फिकट पीच आणि एक गडद मोरपंखी. फोटोतला प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी लिहिलेला असतो आणि प्रत्येक आकडा 0 ते 255 मधला असतो. आपल्या फोटोत उजेडातल्या लाल रंगाचा बिंदू आहे 168, 20, 38. चकाकीच्या मधोमध आहे 250, 244, 240, म्हणजे जवळजवळ पांढरा. चकाकीच्या कडेला, जिथे ती लाल रंगात विरत जाते, तिथला बिंदू आहे 209, 132, 139. पीच शेड आहे 240, 170, 140.

बहुतेक जण सर्वांत सोप्या वाटेने जातात. नखांवर नव्या लेयरमध्ये पीच रंग भरतात आणि लेयरचा ब्लेंडिंग मोड `Color` करतात. हा मोड खालच्या फोटोची उजळता जशीच्या तशी ठेवतो आणि रंगछटा तेवढी वरच्या लेयरची घेतो. ऐकायला अगदी बरोबर वाटतं, पण इथे दोन ठिकाणी घोळ होतो.

पहिला घोळ उजळतेचा. गडद लाल हा मुळात काळोखा रंग आहे. फोटोशॉप ज्या हिशेबाने उजळता मोजतं त्यात लालला 30 टक्के, हिरव्याला 59 आणि निळ्याला 11 टक्के वजन असतं. या हिशेबाने आपल्या लाल रंगाची उजळता येते सुमारे 66 आणि पीचची सुमारे 188. `Color` मोड उजळता 66 वरच धरून ठेवतो, त्यामुळे हाती येतो 118, 48, 18, म्हणजे चक्क तपकिरी. पीच मागितला आणि चॉकलेटी मिळाला. मग माणूस ब्राइटनेस वाढवतो, त्याबरोबर चकाकी फटफटीत होते आणि नखाचा आकार सपाट होतो.

दुसरा घोळ चकाकीच्या कडेला आहे आणि तो लवकर ध्यानात येत नाही. तिथल्या मूळ बिंदूत अर्धा रंग होता आणि अर्धा प्रकाश, म्हणून तो फिका होता. `Color` मोडला हे ठाऊक नसतं. तो तिथेही पीचचा पूर्ण रंग ओततो आणि बिंदू होतो 208, 138, 108. मधली चकाकी पांढरी राहते, पण तिच्याभोवती गडद नारिंगी कडं उमटतं. नख प्लॅस्टिकचं वाटतं ते या कड्यामुळे, कारण खऱ्या नखावर चकाकी हळूहळू आणि बेरंगी होत विरते.

`Hue/Saturation` मधली `Hue` पट्टी सरकवली तर हा दुसरा दोष कमी होतो. ती फिक्याला फिकं आणि भडकला भडक ठेवून फक्त छटा फिरवते. लालचा जांभळा करायचा असेल, म्हणजे गडदचा गडद, तर तेवढ्याने भागतं. मोबाइलवरच्या साध्या अॅपमध्येही हे जमतं. गडदचा फिकट करायचा झाला की मात्र ही वाटही बंद होते.

सगळं सुटतं ते चॅनेलमध्ये. तीन आकड्यांपैकी फक्त हिरवा आकडा घेऊन कृष्णधवल चित्र पाहायचं. फोटोशॉपच्या `Channels` पॅनेलमध्ये `Green` वर क्लिक केलं की ते दिसतं. लाल नेलपॉलिशमधून हिरवा प्रकाश जवळजवळ परततच नाही, म्हणून या चित्रात नख काळंभोर दिसतं. आपल्या फोटोत तिथे आकडा फक्त 20 आहे. चकाकीत मात्र सगळे रंग सारखे असल्यामुळे ती 244 वर लखलखते. म्हणजे काळ्या नखावर फक्त चकाकी, तिच्या विरत जाणाऱ्या कडांसकट. जी गोष्ट आपल्याला वेगळी काढायची होती, ती कॅमेऱ्याने आधीच वेगळी काढून ठेवली आहे.

`Red` चॅनेल याच्या उलट वागतो. त्यात लाल नख उजळ दिसतं आणि नखाची गोलाई, म्हणजे खिडकीकडची उजळ बाजू आणि पलीकडची सावली, नीट उमटते. चकाकीही त्यात असते, पण ती काढून टाकणं सोपं आहे. `Levels` मध्ये उजवीकडचं टोक 255 वरून 168 वर आणलं की उजेडातलं नख पूर्ण पांढरं होतं आणि त्याहून उजळ असलेली चकाकी त्याच पांढऱ्यात बुडून जाते. मागे उरते ती निव्वळ छाया.

आता नख पुन्हा बांधायचं. मूळ फोटोला हात न लावता त्यावर एक ग्रुप करायचा आणि ग्रुपला नखांच्या आकाराचा मास्क द्यायचा. ग्रुपमध्ये सर्वांत खाली सपाट पीच रंग. त्यावर `Red` चॅनेलचं छायाचित्र, मोड `Multiply`. सर्वांत वर `Green` चॅनेलचं चित्र, मोड `Screen`; त्याच्या `Levels` मध्ये डावीकडचं टोक 20 वर आणायचं म्हणजे नखाचा भाग ठार काळा होतो, आणि काळ्याचा `Screen` मध्ये काहीच परिणाम होत नाही. चॅनेल लेयरमध्ये आणायला खटपट नाही: चॅनेल निवडा, `Ctrl+A`, `Ctrl+C`, मग `RGB` वर क्लिक करून `Ctrl+V`. गिम्पमध्ये हेच काम `Decompose` करतं आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीतही चॅनेल पाहता येतात.

आता चकाकीच्या कडेचा तोच बिंदू पुन्हा मोजून पाहू. तो आता येतो साधारण 247, 211, 195. `Color` मोडमध्ये तो होता 208, 138, 108. आकड्यांतल्या अंतराकडे पाहा. पीचमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात 100 चं अंतर आहे. जुन्या पद्धतीने चकाकीच्या कडेलाही 100 चंच अंतर येत होतं. आता ते 52 झालं, म्हणजे अर्धा रंग आणि अर्धा प्रकाश, मूळ फोटोत होतं तसंच. नारिंगी कडं गेलं.

मोरपंखी हवा असेल तर फक्त सर्वांत खालचा रंग बदलायचा. वरचे दोन्ही लेयर तसेच राहतात. पीच नखावर चकाकी सौम्य वाटेल आणि मोरपंखीवर तीच चकाकी झळाळून दिसेल. हे बरोबर आहे, ते दुरुस्त करायला जाऊ नये. पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश दोन्हीकडे तेवढाच असतो. फिकट रंगाच्या मूळच्या उजेडात तो दबतो आणि गडद रंगावर उठून दिसतो. एक सुधारणा मात्र लागते. हिरव्या चॅनेलचं चित्र कृष्णधवल असल्यामुळे त्यातली चकाकी निखळ पांढरी असते. मूळ चकाकी दिव्यामुळे पिवळसर असेल तर आयड्रॉपरने तो रंग उचलून चकाकीच्या लेयरला तेवढी झाक द्यावी लागते.

कोणत्या नेलपॉलिशसाठी कोणता चॅनेल, याचा नियम एकच: ज्या चॅनेलमध्ये नख सर्वांत काळं दिसतं, त्यात चकाकी सर्वांत स्वच्छ मिळते. लाल आणि राणी रंगाला हिरवा चॅनेल, गर्द निळ्याला लाल.

नखाच्या आतलं काम झालं. आता कड. मास्क बनवताना पहिला मोह होतो तो रंगावरून निवड करण्याचा: लाल आहे तेवढं उचल, असं `Color Range` ला सांगायचं. आपल्या फोटोत हे चालणार नाही, कारण लाल नेलपॉलिश, मेंदी आणि कातडी हे तिन्ही छटेच्या दृष्टीने शेजारी आहेत. नखं निवडायला जावं तर मेंदीची टोकं आणि सावलीतली कातडीही निवडली जाते. म्हणून निवड रंगाने न करता आकाराने करायची. `Pen` टूलने प्रत्येक नखाभोवती वळणाची रेघ आखायची. एका नखाला पाच-सहा बिंदू पुरतात. जास्त बिंदू घेतले की कड खडबडीत होते.

रेघ कुठून न्यायची हे ठरवायला क्यूटिकलपाशी 200 किंवा 300 टक्के मोठं करून पाहावं. नीट लावलेलं नेलपॉलिश कातडीला टेकत नाही. मध्ये उघड्या नखाची केसभर फट असते. रंगाच्या थराला जाडी असते, म्हणून त्याच्या काठाला एक बारीक सावलीची रेघ असते. त्यापलीकडे क्यूटिकलची पातळ किनार, तिच्यावरचे कोरडे कंगोरे आणि मग बोटाची कातडी. फट, सावली आणि किनार या तिन्ही गोष्टी मिळून डोळ्याला सांगतात की हे खरं नख आहे. मास्क दोन पिक्सेल पुढे गेला तरी फट बुजते आणि रंग कातडीवर चढतो. म्हणून रेघ रंगाच्या काठावरच संपवायची आणि उघड्या नखाची फट मास्कच्या बाहेर ठेवायची.

कड किती मऊ ठेवायची, याला एक आकडा नसतो. कॅमेऱ्याने ज्या बोटावर फोकस केला आहे तिथे अर्ध्या ते एका पिक्सेलचा `Feather` पुरतो. मागचं करंगळीचं नख धूसर असेल तर त्याची कडही तेवढीच धूसर हवी, तिथे तीन-चार पिक्सेल लागू शकतात. सगळ्या नखांना एकच `Feather` दिला की करंगळी कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. म्हणून प्रत्येक बोटाचा मास्क वेगळा करणं फायद्याचं.

एवढं करूनही मोरपंखी नखाभोवती लालसर रेघ राहते. पीचमध्ये ती खपून जाते, मोरपंखीत डोळ्यांत भरते, कारण तो लालच्या थेट विरुद्ध बाजूचा रंग आहे. तिची कारणं दोन. लाल नखावरून विखुरलेला प्रकाश शेजारच्या कातडीवर पडतो आणि तिला खरोखरच लालसर करतो. कातडीवरची ही झाक मास्कच्या बाहेर असल्यामुळे तशीच राहते. दुसरं कारण फाइलचं. जेपेग फाइलमध्ये उजळता पूर्ण बारकाव्याने साठवली जाते, पण रंग बहुतेक वेळा आडवा आणि उभा निम्म्याच बारकाव्याने. त्यामुळे लाल रंग पिक्सेल-दोन पिक्सेल कातडीत पसरलेला असतो. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला फोटो आणखी आक्रसलेला असतो आणि त्यात हा पसारा वाढतो. म्हणून कामासाठी मूळ फाइल मागावी, जमल्यास रॉ.

उरलेली रेघ काढायला मास्क फुगवू नये, नाहीतर क्यूटिकलची फट जाते. नखांच्या ग्रुपखाली एक नवा लेयर घ्यावा, त्याचा मोड `Color` ठेवावा आणि बोटाच्या मधल्या भागातून, जिथे लाल झाक पोहोचलेली नाही, कातडीचा रंग उचलावा. मग मऊ ब्रशने, 20 ते 30 टक्के `Opacity` वर, नखाच्या कडेने हलका हात फिरवावा. मघाशी अडचणीचा ठरलेला `Color` मोड इथे उपयोगी पडतो. इथे उजळता बदलायची नाही, फक्त झाक बदलायची आहे, त्यामुळे सावलीची रेघ आणि क्यूटिकलचे कंगोरे जागच्या जागी राहतात. मेंदीवरून ब्रश जाणार नाही एवढं सांभाळायचं, नाहीतर टोकांवर फिके डाग दिसतात. या पट्ट्यात `Blur` किंवा कातडी गुळगुळीत करणारं कोणतंही साधन अजिबात वापरू नये. गुळगुळीत कातडीला लागून झळझळीत नख आलं की तो हात पुतळ्याचा वाटतो.

काम झालं की तपासणी दोन प्रकारे करता येते. आयड्रॉपर चकाकीच्या मधोमध ठेवून आकडे मूळ फोटोशी ताडून पाहावेत. मूळचे 250, 244, 240 आता निळसर किंवा नारिंगी बाजूला झुकले असतील तर रंग चकाकीत शिरला आहे. मग फोटो 25 टक्क्यांपर्यंत लहान करून नवा आणि जुना आलटून पालटून पाहावा. एवढ्या लहान आकारात बारकावे दिसत नाहीत, पण नखं हातावरून वेगळी तरंगत असतील तर ते लगेच कळतं. बहुधा `Multiply` ची छाया कमी पडलेली असते.

सगळ्याच फोटोंतून सगळ्याच शेड निघत नाहीत. काळ्या नेलपॉलिशच्या फोटोत तिन्ही चॅनेलमध्ये चकाकी छान मिळते, पण नखाची छाया जवळजवळ नसते, कारण अंगचा रंगच प्रकाश परत पाठवत नाही. त्यावरून पीच बनवायचा तर गोलाई हाताने रंगवावी लागते. पांढऱ्या नेलपॉलिशमध्ये उलट अडचण येते: अंगचा रंग आणि चकाकी दोन्ही 255 च्या आसपास असल्यामुळे त्यांना वेगळं करता येत नाही. क्रोम आणि धातूच्या झाकेच्या शेडला तर आपला मूळ नियमच लागू होत नाही. त्यांतली चकाकी धातूच्या कणांवरून परतते आणि धातूसारखी रंगीत असते. ग्लिटरमध्ये प्रत्येक कण वेगळ्या कोनात चमकतो. मॅटमध्ये चकाकी ठरावीक जागी न दिसता सगळ्या नखावर पसरलेली असते. चकचकीत नखाच्या फोटोतून या शेड काढायला जाण्यापेक्षा ते नेलपॉलिश खरंच लावून फोटो घेतलेला परवडतो.

शेड विकायच्या असतील तर आणखी एक पथ्य आहे. सर्वांत खालच्या लेयरमध्ये भरायचा रंग अंदाजाने किंवा बाटलीच्या झाकणावरून घेऊ नये. बाटलीतून पाहिलेला रंग जाड थराचा असतो, नखावर तोच रंग दोन पातळ हातांत वेगळा दिसतो. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टिपवर त्या शेडचे दोन हात द्यावेत, वाळल्यावर हाताचा फोटो घेतला त्याच प्रकाशात, शेजारी ग्रे कार्ड ठेवून तिचा फोटो काढावा आणि चकाकी टाळून तिथला रंग उचलावा. पीच शेड जराशी पारदर्शक असेल आणि दोन हातांनंतरही खालचं नख दिसत असेल, तर सपाट रंग भरून चालणार नाही. तो फोटो ग्राहकाला बाटलीत नसलेली शेड दाखवेल, आणि पार्सल उघडल्यावर ते त्याला समजेलच.